"उठाव नाही" म्हणणं मी कसं सोडलं

आमच्या चपलांच्या दुकानाच्या वेबसाईटचा मसुदा आला, तेव्हा मी डिझायनरला लिहिलं, "छान आहे, पण उठाव नाही." तिने रंग गडद केले. मग भावाने तिला वेगळंच कळवलं, वडिलांनी तिसरंच. तीन फेऱ्या झाल्या, मूळ अडचण तशीच.

चौथ्या वेळी मी मसुदा मोबाईलवर उघडला आणि गिऱ्हाईक होऊन चप्पल घ्यायला बसलो. कापशी चपलेच्या फोटोनेच स्क्रीन भरला होता, किंमत आणि माप बघायला दोनदा खाली सरकावं लागत होतं. स्क्रीनशॉट काढून त्या जागी '१' लिहिलं आणि खाली मजकूर: "बाहेरगावचं गिऱ्हाईक आधी माप विचारतं. इथं ते दिसत नाही. फोटोबरोबरच किंमत आणि माप दिसायला हवं." फोटो किती लहान करायचा, हे सांगितलं नाही, ते ठरवणं तिचं काम, आणि तिला ते माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

असे चारच मुद्दे, घरात आधी बोलून, एकाच मेसेजमध्ये पाठवले. वरची पट्टी आणि अक्षरं आवडली, ती हलवू नका, हेही लिहिलं.

पुढच्या मसुद्यात चारही दुरुस्त्या होत्या. नंतर फक्त दुकानाच्या वेळा बदलल्या, त्या मीच चुकीच्या दिल्या होत्या.