एक चार्जर, तीन रूम पार्टनर : गॅदरिंगसाठी स्किट कसं लिहावं आणि बसवावं

हॉस्टेलमधलं चार्जरचं भांडण हा गॅदरिंगचा हमखास विषय आहे. तरी असं स्किट बऱ्याचदा दुसऱ्याच मिनिटाला थंड पडतं, कारण पात्रं नुसती भांडत राहतात. भांडणापेक्षा सौद्याला जास्त हसू येतं. चार्जर मिळवायला माणूस काय काय द्यायला तयार होतो आणि ती किंमत कशी चढत जाते, हेच या स्किटचं कथानक. सांगलीत विश्रामबागेतल्या हॉस्टेलची एक खोली, रात्रीचे पावणेआठ आणि तीन पोरं धरून आठेक मिनिटांचं स्किट कसं उभं करायचं ते बघू.

आधी गरज ठरवा

पहिला संवाद लिहिण्याआधी प्रत्येकाला चार्जर आत्ताच का हवा, हे एका ओळीत लिहून ठेवा. तासगावच्या प्रवीणला परीक्षेचा फॉर्म भरायचाय, आज शेवटची तारीख आहे आणि ओटीपी येणार त्याच्या फोनवर. जतच्या सागरच्या वडिलांचा रोज रात्री आठला फोन येतो. उचलला नाही तर ते सकाळच्या पहिल्या एसटीनं येऊन दारात उभे राहतील. विट्याच्या अनिकेतला मॅच बघायचीय. चार्जर अनिकेतचा.

सगळ्यांत फालतू कारण चार्जरच्या मालकाला द्या. खरी गरज असलेल्यानं विनवण्या करायच्या आणि बिनकामाच्या माणसानं अटी घालायच्या, या उफराट्या न्यायातच निम्मा विनोद आहे. मालकालाही तातडीचं काम दिलंत तर प्रेक्षकांना त्याची बाजू पटते आणि हसू आटतं.

मग पायऱ्या चढवा

विनंती, खाऊ, कष्ट, मान आणि शेवटी कागद, या क्रमानं किंमत वाढवा. प्रत्येक पायरीवर द्यायच्या वस्तूची जात बदलली पाहिजे. भडंगानंतर पेढा आणि पेढ्यानंतर वडापाव दिलात तर ती एकच पायरी तीनदा झाली. सुरुवात अगदी साधी ठेवा:

प्रवीण : अन्या, चार टक्के राहिलंय लगा. दोन मिनिटं दे की चार्जर.
अनिकेत : थांब. शेवटच्या दोन ओव्हर हायत.
प्रवीण : तासाभरापूर्वी पण शेवटच्या दोनच हुत्या!

आता सागर पिशवी काढतो.

सागर : घरचं भडंग हाय. शेंगदाणं जास्त घातल्यात आईनं. एक मूठ, पाच मिनिटं.
अनिकेत : मूठ तुझी का माझी?

इथं थांबा. अनिकेत हात पसरून बोटं ताणून दाखवतो, सागर आपली मूठ आवळून लहान करतो आणि दोघं मुठीला मूठ लावून मोजतात. या मोजणीला अर्धा मिनिट गेला तरी चालेल. सौदा जेवढ्या बारकाईनं आणि गंभीर चेहऱ्यानं होईल तेवढा तो रंगतो. पात्रांना आपण विनोदी वागतोय याचा पत्ता नसावा.

पुढची पायरी कष्टाची. सोलरचं गरम पाणी सकाळी लवकर संपतं, म्हणून प्रवीण आठवडाभर अनिकेतसाठी पहिली बादली भरून ठेवायचं कबूल करतो. त्यानंतर मानाची. अनिकेत म्हणतो, “आजपासून ‘अन्या’ म्हणायचं न्हाई. ‘अनिकेतराव’ म्हणायचं.” ही अट पुढं फार कामाला येते. पोरं चिडून ओरडतात तेव्हाही करार पाळून ओरडतात : “अनिकेतराव, डोस्कं फिरलंय काय तुझं, येड्या!”

पायऱ्या नीट झाल्यात का हे तपासायची सोपी खूण आहे. कुठल्याही दोन पायऱ्यांची अदलाबदल करून वाचा. काहीच बिघडलं नाही तर चढ लागलेला नाही. त्यातली एक काढून टाका.

चार्जरचे दोन तुकडे करा

मधोमध एक वळण हवं, आणि ते चार्जरमध्येच दडलेलं आहे : अडॅप्टर वेगळा, वायर वेगळी. ओढाताणीत वायर सागरच्या हातात येते आणि अडॅप्टर अनिकेतकडं राहतो. प्रवीण शांतपणे जाऊन खोलीतल्या एकमेव चालू बोर्डावर हात ठेवतो. आता एकट्याकडचं काहीच उपयोगाचं नाही. इथपर्यंत मालक एकच होता, आता तिघंही मालक झाले, म्हणून कागद करावाच लागतो. जर्नलचं पान फाडून सागर लिहितो, “कलम एक. ज्याची बॅटरी कमी, त्याचा नंबर आधी.” तिघं सह्या करतात.

शेवट त्याच कलमातून काढा

पुष्कळजण इथं लाइट घालवतात. तो शेवट घेऊ नका. लाइट बाहेरून जाते, त्यामुळं इतका वेळ केलेला सौदा वाया जातो आणि प्रेक्षकाला फसल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा पोरांनी लिहिलेला नियमच त्यांच्या अंगलट येऊ द्या. नंबर आधी लागावा म्हणून तिघंही स्वतःची बॅटरी संपवायला लागतात. ब्राइटनेस फुल्ल, हॉटस्पॉट चालू, टॉर्च चालू. तीन टॉर्च प्रेक्षकांवर फिरतात आणि टक्के लिलावासारखे उलटे पुकारले जातात : “तीन!” “माझं दोन!” “एक!” प्रवीणचा फोन ओटीपी येता येता बंद पडतो. सागरचा एकदा वाजतो, तो “आबा...” म्हणेपर्यंत गप्प होतो. मॅचची शेवटची ओव्हर बाकी असताना अनिकेतचाही जातो.

दारावर थाप पडते. रेक्टर डोकावतात. “चार्जर आहे का रे कुणाकडं?” तिघं एकमेकांकडं बघतात आणि सागर करार पुढं करतो : “सर, हितं सही करा.” इथंच अंधार करा. त्यानंतर एकही वाक्य नको.

बसवताना

साधारण एक मीटरची वायर तुमचं निम्मं दिग्दर्शन करते. बोर्ड मागच्या भिंतीला लावलात तर पात्रं प्रेक्षकांकडं पाठ करतील. म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड पुढच्या बाजूला खुर्चीवर ठेवा, त्यात करंट नको. फोन चार्जिंगला असताना पात्र त्या मीटरभराच्या बाहेर जाऊ शकत नाही. बाकीच्यांनी तिथं येऊन विनवायचं. मागच्या रांगेला दिसावी म्हणून वायर पांढरी आणि कपडे गडद घ्या. स्क्रीन कुणालाच दिसत नाही, म्हणून टक्के प्रत्येक वेळी मोठ्यानं बोला. तेच तुमचं घड्याळ. खरे फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. टॉर्च तरीही चालतो, आणि रिंग विंगेतून वाजवा.

विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीतच ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हा सूत्रधार पदं म्हणे आणि पात्रं भाषणं आयत्या वेळी स्वतःच रचत. पहिल्या दोन तालमींत तुम्हीही तेच करा. पायऱ्यांचा क्रम पक्का ठेवा आणि घासाघीस पोरांना त्यांच्या बोलीत करू द्या. चांगली निघालेली वाक्यं एकानं टिपून घ्यावीत आणि तिसऱ्या तालमीपासून संहिता कुलूपबंद करावी, नाहीतर स्टेजवर प्रत्येकजण आपलं वाक्य लांबवत बसतो. आवाजही पायऱ्यांप्रमाणेच चढवा. वायर अडॅप्टरपासून सुटेपर्यंत कुणीही ओरडायचं नाही, आणि हशा आला की तो ओसरायला लागेपर्यंत पुढचं वाक्य तोंडातच धरून ठेवायचं.