जूल-थॉमसन म्हणजे दोघे, गे-ल्युसॅक मात्र एकटाच

शोधाचे नाव बहुधा शोधक स्वतः ठेवत नाही. इतर अभ्यासकांना त्या गोष्टीचा वारंवार उल्लेख करावा लागतो, तेव्हा लांबलचक वर्णनापेक्षा आडनाव सोयीचे पडते आणि पुढे तेच रुळते. गोंधळ होतो तो जोडनावांत.

जूल-थॉमसन परिणाम घ्या. दाबाखालचा वायू बाहेरून उष्णता न मिळता सच्छिद्र पडद्यातून कमी दाबाकडे गेला की त्याचे तापमान बदलते. नेहमीच्या तापमानाला बहुतेक वायू थंड होतात. 1852 मध्ये जेम्स जूल आणि विल्यम थॉमसन यांनी हे दाखवले. थॉमसन 1892 मध्ये लॉर्ड केल्विन झाले, म्हणून काही पुस्तकांत हाच परिणाम ‘जूल-केल्विन’ नावाने येतो. हे दोन वेगळे परिणाम नव्हेत. इलेक्ट्रॉनवाले जे. जे. थॉमसन तर तिसरेच!

याउलट गे-ल्युसॅक हे एकाच माणसाचे आडनाव. छापताना दोन व्यक्तींमध्ये मोठी रेघ (जूल–थॉमसन) आणि एकाच्या आडनावात छोटी रेघ (गे-ल्युसॅक) ठेवली, तर वाचकाला फरक दिसतो. पण मराठीत बहुतेक ठिकाणी दोन्हीकडे छोटीच रेघ छापतात. तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘जेम्स जूल आणि विल्यम थॉमसन’ अशी पूर्ण नावे द्यावीत.

प्रत्यय फक्त शेवटच्या नावाला लागतो: ‘स्टीफन-बोल्ट्झमनचा नियम’, ‘स्टीफनचा-बोल्ट्झमनचा’ नव्हे. ‘परिणाम’ आणि ‘अभिक्रिया’ यांच्याआधी प्रत्यय सहसा गळतो: डॉप्लर परिणाम, डील्स-आल्डर अभिक्रिया.