कारल्याचा कडूपणा जात नाही? मीठ लावताना, पिळताना आणि तळताना या चुका टाळा

मीठ लावलं, अर्धा तास ठेवलं, तरी कारलं कडूच लागलं, अशी तक्रार पहिल्यांदा कारलं करणाऱ्यांकडून फार ऐकू येते. बहुतेक वेळा दोष मिठाचा नसतो. मिठाने कारल्यातलं पाणी सुटतं आणि त्याच्याबरोबर कडू रसही बराच बाहेर येतो. पण तो रस पिळून टाकला नाही तर चकत्यांवरच राहतो, कढईत आटतो आणि पुन्हा त्यांनाच चिकटतो. त्यामुळे मीठ लावण्याइतकंच पिळण्याकडेही लक्ष हवं.

पाव किलो कारली घेतली असं धरू. हिरवी आणि टणक बघून घ्या. पिवळी पडलेली पिकलेली असतात आणि पिळताना त्यांचा लगदा होतो. वरची खरखर सुरीने हलकेच खरवडा, उभी चिरून बिया आणि आतला पांढरा गर चमच्याने काढून टाका. हा गर स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो, त्यामुळे तळताना काप कुरकुरीत होत नाहीत. आता चकत्या. जाड कापणं ही इथली पहिली चूक. जाड कापाच्या पोटापर्यंत मीठ अर्ध्या तासात पोचत नाही, म्हणून बाहेरून बरा लागला तरी चावल्यावर आतून कडू निघतो. साधारण तीन मिलिमीटर जाडी ठेवा, आणि सगळ्या चकत्या सारख्या असू द्या. पातळ आणि जाड एकत्र तळले की पातळ करपतात, जाड कच्चे राहतात.

एवढ्या कारल्यांना एक सपाट छोटा चमचा मीठ पुरतं. नुसतं वरून भुरभुरवू नका, हाताने चोळा, म्हणजे प्रत्येक कापाला लागेल. मग अर्धा तास ठेवा. घड्याळापेक्षा कारल्याकडे बघा: एक चकती बोटांत धरून वाकवा. ती कट्कन तुटली तर अजून वेळ द्या. न तुटता मऊपणे दुमडली आणि भांड्याच्या तळाशी हिरवट पाणी जमलं असेल तर पिळायला घ्या.

पिळताना लोक घाबरतात, काप मोडतील म्हणून. मोडत नाहीत, कारण मिठाने ते लवचिक झालेले असतात. चूक बहुधा एवढीच होते की सगळे काप एकदम उचलून वरवर दाबले जातात, आणि मधल्या कापांतला रस तसाच राहतो. एका वेळी मूठभरच घ्या आणि थेंब थांबेपर्यंत मूठ आवळत राहा. दुसऱ्या हाताने वरून दाब दिला तर अजून निघतं. हे पाणी टाकून द्या, भाजीत घालू नका.

आता एक काप चाखा. ही पायरी कुणीही गाळू नये असं मला मनापासून वाटतं, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी यावर ठरतात. खारट लागला तर साध्या पाण्यात एकदा खळबळून पुन्हा पिळा. खारट नसेल तर धुण्याची गरज नाही. आणि तळताना मीठ घालूच नका. काप आटले की खारटपणा वाढतो, म्हणून लागलंच तर शेवटी चवीनुसार घाला.

तळण्यापूर्वी काप स्वच्छ फडक्यावर पसरून कोरडे करा. ओले काप तेलात टाकले तर आधी वाफाळत राहतात आणि मऊच पडतात, शिवाय तेल उडतं ते वेगळंच. कढई पसरट घ्या, तीन मोठे चमचे तेल तापवा आणि काप एका थरात मावतील एवढेच घाला. जास्त असतील तर दोन घाण्यांत करा. आच मध्यम, झाकण नाही. झाकण ठेवलं की वाफेचं पाणी परत कापांवर पडतं. अधूनमधून परतत राहा. सुरुवातीचा जोरदार चुरचुराट हळूहळू मंदावला आणि कडा सोनेरी-तपकिरी झाल्या की उतरवा. या पातळ कापांना बहुधा दहा ते पंधरा मिनिटं लागतात.

मोठ्या आचेचा मोह आवरा. तळण्याने कडू घटक फारसे नष्ट होत नाहीत. परतल्याची खमंग चव येते, तेल आणि मीठ असतं, त्यामुळे उरलेला कडूपणा जिभेला कमी जाणवतो. पण काप काळे पडले तर करपल्याचा कडूपणा वरून वाढतो. तो ओळखता येतो: मूळचा कडूपणा हळूहळू चढतो आणि जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतो, करपल्याचा लगेच लागतो आणि त्याला धुराचा वास असतो. पहिला फार वाटला तर पुढच्या वेळी काप पातळ करा आणि जास्त पिळा. दुसऱ्यावर इलाज नाही, काळे काप वेचून बाजूला काढा.

सगळं नीट केलं तरी थोडा कडूपणा राहतोच. कारल्या-कारल्यातही फरक असतो, म्हणून एकदा छान जमलं आणि पुढच्या वेळी कडू लागलं तर लगेच मिठाचं प्रमाण वाढवत बसू नका. आधी पिळलेला काप चाखा आणि अजून कडू वाटला तर धुऊन आणखी एकदा पिळा.