प्रत्येक वाक्याला ‘इझंट इट’ का चालत नाही

मराठीत ‘ना’ कुठल्याही वाक्यामागे बसतो: ‘तू येतोयस ना?’, ‘ती पुण्यात राहते ना?’, ‘त्यांनी जेवण केलं ना?’ कर्ता, काळ काहीही असो, ‘ना’ बदलत नाही. तीच सवय इंग्रजीत गेली की ‘युवर सिस्टर लिव्ह्ज इन पुणे, इझंट इट?’ असं वाक्य होतं. आपल्याकडे ते सगळ्यांना कळतं, पण ब्रिटिश किंवा अमेरिकन कानाला खटकतं, कारण त्यांच्याकडे वाक्यामागे लागणारं हे प्रश्नाचं शेपूट त्याच वाक्यातून घडतं. ‘इट’ ऐकलं की ते वाक्यात एखादी वस्तू शोधतात, आणि इथे तर बहीण आहे.

हेच वाक्य सुधारू. बहीण म्हणून सर्वनाम ‘शी’. वाक्यात सहाय्यक क्रियापद नाही, आणि ‘लिव्ह्ज’ वर्तमानकाळी आहे, म्हणून ‘डझ’ आणायचं. वाक्य होकारार्थी, म्हणून शेपूट नकारार्थी: ‘डझंट शी?’ ती पूर्वी राहत असेल, म्हणजे ‘लिव्ह्ड’ असेल, तर ‘डिडंट शी?’. सहाय्यक क्रियापद आधीच असेल तर तेच उचलायचं: ‘यू कॅन स्विम, कान्ट यू?’. वाक्य नकारार्थी असेल तर शेपूट होकारार्थी: ‘ही इझंट कमिंग, इज ही?’. ‘आय अ‍ॅम लेट’ला मात्र ‘आरंट आय?’ लागतं, ते पाठच करावं.

बोलता बोलता एवढा हिशेब जमत नसेल तर शेवटी ‘राइट?’ म्हणा. अनौपचारिक बोलण्यात ते जवळजवळ कुठल्याही विधानामागे चालतं. ‘नो?’ही ऐकू येतं, पण दर वाक्याला लावलं की लगेच लक्षात येतं.