एका पगारावर चालणाऱ्या घराचा आपत्कालीन निधी: रक्कम ठरवण्यापूर्वीची तयारी

आपत्कालीन निधी म्हणजे सहा महिन्यांचा पगार, हे उत्तर एकच कमावता असलेल्या आणि लहान मुले असलेल्या घराला पुरेसे नाही. असा निधी पगारावरून न ठरवता, पगार थांबल्यावर घरात प्रत्यक्ष काय खर्च होईल यावरून ठरवावा. त्यासाठी एक उदाहरण घेऊ. पिंपरी-चिंचवडमधील एका खासगी कंपनीत काम करणाऱ्या गृहस्थांचा हातात येणारा पगार ऐंशी हजार आहे, पत्नी सध्या घरी आहे, मोठी मुलगी पहिलीत आणि धाकटा दोन वर्षांचा आहे, घर कर्जाचे आहे आणि गावी आईवडिलांना दरमहा पैसे जातात.

पहिली तयारी म्हणजे गेल्या वर्षभराची बँकेची विवरणपत्रे आणि यूपीआयच्या नोंदी समोर घेऊन दोन स्वतंत्र याद्या करणे. पहिल्या यादीत फक्त दरमहा टळूच शकत नाही असे खर्च लिहावेत. या घरात कर्जाचा हप्ता 24,000, किराणा, दूध, भाजी आणि गॅस मिळून 15,000, वीज, फोन आणि सोसायटीचा मेंटेनन्स 5,500, आईवडिलांना 5,000, मुलांची औषधे आणि लसी यांसाठी सरासरी 2,500, शाळेची व्हॅन 2,000, पेट्रोल 2,000 आणि किरकोळ 2,000, असे दरमहा 58,000 होतात. एसआयपी, हॉटेल आणि घरकामाच्या मावशींचा पगार यात धरलेला नाही, कारण नोकरी गेल्यावर हे खर्च पहिल्याच महिन्यात थांबवता येतात. आईवडिलांची रक्कम मात्र मुद्दाम ठेवली आहे. अडचणीच्या काळात ती बंद करता येईल असे कागदावर लिहिणारी बहुतेक घरे प्रत्यक्षात ती बंद करीत नाहीत.

दुसरी यादी वर्षातून एकदा किंवा दोनदा येणाऱ्या रकमांची असते, आणि नेमकी येथेच बहुतेकांची चूक होते. शाळेची फी 72,000, टर्म विम्याचा हप्ता 18,000 आणि स्वतःच्या आरोग्यविम्याचा हप्ता 24,000, हे मिळून 1,14,000 होतात. या रकमेला बाराने भागून महिन्याच्या खर्चात मिसळण्याची पद्धत नेहमीच्या अंदाजपत्रकासाठी ठीक आहे, पण या निधीसाठी ती धोक्याची आहे. आठ महिन्यांच्या बेकारीसाठी या सरासरीने 76,000 धरले जातात. प्रत्यक्षात नोकरी मे महिन्यात गेली, तर जूनची आणि दिवाळीनंतरची अशा दोन्ही सत्रांची फी आणि विम्याचे दोन्ही हप्ते याच काळात येऊ शकतात. म्हणून वार्षिक यादी पूर्ण रकमेने धरावी.

यानंतर महिन्यांची संख्या ठरवावी. शेवटचा पगार जमा झाल्यापासून पुढच्या नोकरीचा पहिला पगार जमा होईपर्यंत किती महिने जातील, हा खरा प्रश्न आहे. आपल्याच क्षेत्रात आणि आपल्याच वेतनश्रेणीत अलीकडे नोकरी बदललेल्या दोन-तीन परिचितांना विचारल्यास बऱ्यापैकी अंदाज येतो. या गृहस्थांच्या बाबतीत शोध आणि मुलाखतींना चार महिने, नियुक्तिपत्र मिळून रुजू होईपर्यंत एक आणि पहिला पगार होईपर्यंत आणखी एक, असे सहा महिने होतात. दोघे कमावते असते तर तेवढ्यावर थांबता आले असते. येथे दुसरा पगार नाही, आणि पत्नीने लगेच काम शोधायचे म्हटले तरी दोन वर्षांच्या मुलासाठी आधी पाळणाघराची सोय आणि त्याचे पैसे लागतील. म्हणून दोन महिने वाढवून आठ धरणे योग्य वाटते. आठ महिन्यांचे 4,64,000 आणि वार्षिक यादीचे 1,14,000 मिळून 5,78,000 होतात.

यात रुग्णालयासाठी वेगळे एक लाख ठेवावेत. नोकरी सुटली की कंपनीचा गटविमा सहसा संपतो, म्हणून वार्षिक यादीत स्वतःच्या विम्याचा हप्ता धरला आहे. हा विमा नोकरी चालू असतानाच घ्यावा, कारण नव्या पॉलिसीत अपघात वगळता पहिल्या तीस दिवसांतील आजार भरून मिळत नाहीत आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. विमा असूनही खिशातून पैसे जातात. खोलीभाड्याची मर्यादा पाच हजार असताना आठ हजारांची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींमध्ये डॉक्टरांचे शुल्क आणि इतर संबंधित खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. असा एकूण निधी 6,78,000 होतो, म्हणजे सहा पगारांच्या 4,80,000 पेक्षा जवळपास दोन लाखांनी अधिक. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि जुन्या कंपनीकडून येणारा अंतिम हिशेब यात धरू नये. ते पैसे आपले असले तरी कोणत्या तारखेला हातात येतील हे आपल्या हाती नसते.

पैसे कोठे ठेवायचे हे ठरवताना कमावती व्यक्तीच अतिदक्षता विभागात आहे अशी वेळ डोळ्यांसमोर आणावी. खाते एकट्याच्या नावावर, ओटीपी त्याच्याच फोनवर आणि फोन कुलूपबंद, अशा स्थितीत पत्नीला एक रुपयाही काढता येत नाही, आणि वारसनोंद तर मृत्यूनंतरच उपयोगी पडते. म्हणून रुग्णालयाचे एक लाख आणि महिनाभराचा खर्च दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल अशा संयुक्त बचत खात्यात असावा आणि पत्नीचे स्वतंत्र डेबिट कार्ड चालू असावे. उरलेली रक्कम एका मोठ्या मुदत ठेवीत न अडकवता लाख-लाखाच्या ठेवींत ठेवावी, म्हणजे एक मोडली तरी बाकीच्यांचे व्याज बुडत नाही. संयुक्त ठेव मुदतीआधी मोडताना दोघेही हयात असतील तर बँका सहसा दोघांच्या सह्या मागतात. एकाच्या सहीवर मोडता यावी अशी लेखी सूचना देता येते का, हे ठेव ठेवतानाच विचारून घ्यावे. सगळा निधी एकाच सहकारी बँकेत ठेवू नये. ठेवविम्याचे संरक्षण एका बँकेत प्रत्येक ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच आहे, आणि तेही लगेच हातात पडत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला प्रत्येक खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येत होते.

एवढी रक्कम एका वर्षात जमत नाही, म्हणून क्रम ठरवावा. आधी रुग्णालयाचे एक लाख, मग तीन महिन्यांचा खर्च. हे 2,74,000 होईपर्यंत एसआयपी थांबवणे मला योग्य वाटते. दरमहा दहा हजार आणि वर्षाचा साठ हजार बोनस यात घातला, तर बोनस केव्हा येतो त्यानुसार दीड ते दोन वर्षांत हा टप्पा गाठता येतो. त्यानंतर एसआयपी निम्म्याने सुरू करून उरलेला निधी भरावा. दरवर्षी जूनमध्ये नवी फी कळताच दोन्ही याद्या पुन्हा कराव्यात. धाकटा शाळेत जाऊ लागला की वार्षिक यादी वाढेल, आणि पत्नी काम करू लागली तर महिन्यांची संख्या पाच-सहावर आणता येईल, मात्र पाळणाघराची रक्कम पहिल्या यादीत लिहिल्यानंतरच.