‘देअर इज’ की ‘देअर आर’? या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर परवा इंग्रजीत सूचना लागली होती: ‘देअर हॅज बीन मेनी कम्प्लेंट्स अबाउट पार्किंग.’ लिहिणाऱ्याचं इंग्रजी एरवी चांगलं आहे. पण वाक्याच्या सुरुवातीला ‘देअर’ दिसलं, तोच कर्ता धरला गेला आणि ‘हॅज’ येऊन बसलं.

इथलं ‘देअर’ म्हणजे एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल. इंग्रजीला क्रियापदाआधीची जागा रिकामी चालत नाही, म्हणून तो तिथे ठेवायचा. खरा प्रवासी मागून येतो, आणि तिकिटं किती हे त्याच्यावरून ठरतं. ‘कम्प्लेंट्स’ अनेक, म्हणून ‘देअर हॅव बीन मेनी कम्प्लेंट्स’. या ‘देअर’ला ‘तिथे’ असा अर्थही नाही. ‘देअर इज अ डॉग देअर’ या वाक्यात कुत्रा तिथे आहे हे दुसरं ‘देअर’ सांगतं, पहिलं नुसतंच जागा धरून आहे.

अडलं की वाक्य मनात मराठीत म्हणून बघा. मराठीला रुमाल लागतच नाही: ‘खोलीत दोन खुर्च्या आहेत.’ ‘आहेत’ आलं की ‘आर’, ‘होत्या’ आलं की ‘वेअर’. मध्ये ‘सीम’ घुसलं तरी नियम तोच, ‘देअर सीम टू बी टू मिस्टेक्स’. इथे ‘सीम्स’ लिहिणारे भरपूर सापडतात.

ही युक्ती फसते ती मोजक्या नामांपाशी. आपण ‘पाकिटात पैसे आहेत’ म्हणतो, पण इंग्रजीत ‘मनी’ मोजता न येणारं, म्हणून ‘देअर इज मनी’. ‘डोक्यावर केस आहेत’चं ‘देअर इज हेअर’, ‘बऱ्याच बातम्या आहेत’चं ‘देअर इज अ लॉट ऑफ न्यूज’. ‘अ लॉट ऑफ’ला स्वतःचं वचन नसतं, त्यामुळे ते ओलांडून पुढचं नाम बघायचं: ‘वॉटर’ असेल तर ‘इज’, ‘पीपल’ असेल तर ‘आर’.

आणखी एक खाच यादीत आहे. ‘टेबलावर एक पेन आणि दोन वह्या आहेत’ यात मराठी क्रियापद शेवटी येतं, त्याच्या शेजारी वह्या असतात. इंग्रजीत क्रियापद आधी येतं आणि शेजारी पेन, म्हणून बहुतेक जण ‘देअर इज अ पेन अँड टू नोटबुक्स’ असंच लिहितात. एकूण वस्तू तीन म्हणून इथे ‘आर’चा आग्रह धरणारेही आहेत, मला ते वाक्य कानाला खटकतं. क्रम उलटून वह्या आधी घेतल्या तर ‘आर’ बिनतक्रार बसतं.

राहिलं बोलणं. इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही घाईत ‘देअर्झ टू चेअर्स’ सर्रास म्हणतात, कारण ‘देअर्झ’ हा एकच शब्द असल्यासारखा तोंडातून निघतो. गप्पांत ते खपतं. अर्जात आणि परीक्षेत मात्र ‘देअर आर टू चेअर्स’च लिहा.