उत्तर व्हिडिओत पूर्ण दिलं, मग वही विकली

वरुडजवळच्या आमच्या गावात संत्र्याची बाग आहे आणि तिच्यावरच मी चार वर्षांपासून यूट्यूबवर व्हिडिओ करतो. चॅनेलला २३ हजार लोक जोडलेले आहेत. बहुतेक वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड, चांदूर बाजार भागातले शेतकरी. आपल्या प्रेक्षकांना एखादी पीडीएफ पुस्तिका किंवा छोटा कोर्स विकायचा विचार असेल, तर माझे दोन हंगाम तुमच्या कामी येतील. पहिल्या हंगामात चुकलो, दुसऱ्यात जमलं. दोन्ही सांगतो.

पहिल्या वर्षी मी आंबिया बहाराच्या ताणावर व्हिडिओ केला. आंबियासाठी साधारण डिसेंबरच्या सुमारास बागेचं पाणी तोडतात, त्यालाच ताण म्हणतात. झाडाची नवी वाढ थांबते, अन्न फांदीत साठतं आणि पाणी परत सुरू केलं की फुलं एकदम येतात. पाणी कधी तोडायचं ते मी छान सांगितलं. मग पाचव्या मिनिटाला म्हणालो, "ताण किती दिवस ठेवायचा आणि कसा तोडायचा, हे माझ्या पुस्तिकेत सविस्तर दिलं आहे, लिंक खाली आहे."

दुसऱ्या दिवशी यूट्यूब स्टुडिओत लोक व्हिडिओ किती वेळ पाहतात त्याचा आलेख उघडला. पाचव्या मिनिटापर्यंत रेघ बऱ्यापैकी सपाट होती आणि तिथून कडा तुटल्यासारखी खाली गेली होती. खाली एका काकांनी लिहिलं होतं, "काऊन बावा, आता तू बी दुकान मांडलं काय? अर्ध्या वाटेवर आणून सोडलं." त्या हंगामात ११ प्रती गेल्या. पैशापेक्षा त्या काकांचं बोलणं जास्त लागलं, कारण ते खरं होतं. ताण अर्धा समजलेला माणूस बाग वाळवून बसू शकतो. मी एडिटरमधून तेवढा तुकडा कापला (कापल्यावर व्हिडिओची लिंक आणि व्ह्यूज तसेच राहतात), उरलेली माहिती वेगळ्या व्हिडिओत पूर्ण दिली आणि त्या काकांना कमेंटमध्ये तसं कळवलं.

मग प्रश्न उरला, की सगळं फुकट दिल्यावर विकायचं काय?

उत्तर कमेंटमध्येच होतं. मागच्या सहा व्हिडिओंखालचे सगळे प्रश्न मी दोन रात्री बसून एका वहीत उतरवले, तसाच प्रश्न पुन्हा आला की पुढे रेघ मारत गेलो. तीन ढीग झाले. पहिला, "माझी जमीन काळी भारी आहे, मले किती दिवस?" दुसरा, "सगळं महिन्यावार एका जागी द्या, व्हिडिओ शोधता शोधता पाणी द्यायची वेळ निघून जाते." तिसरा, "फोटो पाठवतो, झाडाले काय झालं सांगा." तिसऱ्या ढिगाचं उत्तर कोणत्याही पुस्तिकेत बसत नाही. त्याला बाग पाहावी लागते. पण पहिल्या दोन ढिगांतल्या लोकांना नवी माहिती नको होती. माझ्याकडेच विखुरलेली माहिती त्यांना क्रमाने हवी होती, शेतात उभं राहून, रेंज नसताना पाहता येईल अशी. हे कळलं तेव्हा माझी अडचण सुटली. व्हिडिओत ज्ञान पूर्ण द्यायचं, आणि विकायची ती मांडणी. काही लपवायची गरजच राहत नाही, त्यामुळे बोलताना जीभ अडखळत नाही.

मी ३८ पानांची "ताणाची वही" केली. हलकी, मध्यम आणि भारी जमीन अशी वेगवेगळी पानं, कारण हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो आणि भारी काळ्या जमिनीत ओल धरून राहते म्हणून उशीर लागतो. पानं मलूल कशी दिसतात, किती गळाली की थांबायचं, याचे माझ्या बागेतले फोटो. प्रत्येक पानाखाली तारीख लिहायला रिकाम्या रेघा. एक पान बोर्डो पेस्टचं: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवून प्लास्टिकच्या भांड्यात एकत्र करायचं आणि त्यात लोखंडी विळा बुडवून पाहायचा. विळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, अजून घाला. हेच चॅनेलवरही आहे, फुकट.

विकायच्या आधी मी ती बारा जणांना दिली. सगळे नेहमी प्रश्न विचारणारे. त्यांना "कशी वाटली" असं विचारलं नाही, कारण ओळखीतला माणूस चांगलीच म्हणतो. म्हटलं, "झेरॉक्सवाल्याकडून छापून आणा, आठ दिवस बागेत वापरा आणि कुठं अडलं तेवढं सांगा." सात जणांकडून एकच तक्रार आली, मोबाईलवर अक्षर दिसत नाही. मी संगणकावर बसून ए-फोर पान भरून मजकूर केला होता. उन्हात, साठीतल्या माणसाच्या हातात तो फोन कसा दिसेल हे मनात आलंच नव्हतं. सगळी वही मोठ्या अक्षरात, एका पानावर एकच काम अशी पुन्हा लावली. या तपासणीला लागणारा महिना वाचवू नका. नंतर किती जण पैसे परत मागतील ते याच महिन्यात ठरतं.

आता सांगण्याची पद्धत. दुसऱ्या हंगामातल्या ताणाच्या व्हिडिओत मी विषय पूर्ण संपवला, पाणी सुरू करण्याची पद्धतही दाखवली, आणि शेवटी जे बोललो ते शब्दशः असं: "आज सांगितलेलं तुम्हाला पुरलं तर झालं. ज्यांना हेच सगळं जमिनीप्रमाणे, महिन्यावार छापून जवळ ठेवायचं आहे, त्यांच्यासाठी मी ताणाची वही केली आहे, १४९ रुपये. झाडं पाच वर्षांच्या आतली असतील तर घेऊ नका, त्यांना बहार धरायचाच नसतो. रोगाचं विचारायचं असेल तरी घेऊ नका, त्यात ते नाही. पहिल्या कमेंटमध्ये माहिती आहे." वीस-पंचवीस सेकंदांत संपतं. "घेऊ नका" ही दोन वाक्यं काढायचा मोह होतो. ती ठेवाच. ज्याच्या कामाची नाही त्याचे पैसे वाचतात, आणि ज्याच्या कामाची आहे त्याला कळतं की आपल्याशी खरं बोलणं चाललंय.

हे बोलणं मी प्रत्येक व्हिडिओत घातलं नाही. ताण, पाणी, बहार या विषयाचे पाच व्हिडिओ त्या हंगामात झाले, फक्त त्यांत. कोळशी रोगावर, बाजारभावावर बोलताना वहीचं नावही काढलं नाही. शॉर्ट्सच्या वर्णनात आणि कमेंटमध्ये टाकलेली लिंक २०२३च्या ऑगस्टअखेरपासून दाबता येत नाही, त्यामुळे तिथे लिंक टाकून उपयोग नाही. आणि आपल्याकडे वर्णनाचा भाग उघडून वाचणारे थोडे, म्हणून "पहिली कमेंट" हेच शब्द वापरा. ते सगळ्यांना कळतात.

किंमत एकच ठेवली. "९९९ची वही फक्त १४९ला", "शेवटचे दोन तास" असलं काही नाही. पीडीएफ कधी संपत नाही, मग शेवटची प्रत कुठून येणार? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला ज्या १३ फसव्या पद्धतींवर बंदी घातली, त्यांत अशी खोटी घाई धरलेली आहे. माझ्याकडे खरी मुदत होतीच. पाणी तोडायच्या आधी वही हातात असेल तर उपयोग, जानेवारीअखेर घेऊन काय करणार? मी तेवढंच सांगायचो, आणि फेब्रुवारीत कुणी मागितली तर "आता पुढच्या हंगामात घ्या" म्हणायचो.

व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यात जास्त जण घसरतात. कमेंटमधले नंबर उचलून ग्रुप बनवतात, लोक चिडून बाहेर पडतात. मी व्हिडिओत सांगितलं, "माझा नंबर सेव्ह करा आणि 'वही' लिहून पाठवा." ब्रॉडकास्टचा संदेश ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच पोचतो, आणि एका यादीत २५६ जण बसतात. म्हणजे यायचं की नाही हे माणूस स्वतः ठरवतो. पूर्ण हंगामात तीनच संदेश गेले. वही तयार झाली हा एक, पाणी तोडायची वेळ आली हा दुसरा, ताण तोडताना पहिलं पाणी हलकं द्या हा तिसरा. शेवटच्या दोन संदेशांत वहीचा उल्लेख नव्हता.

खाजगी प्रश्नाला लिंक चिकटवू नका. नरखेडकडच्या एका दादांनी विचारलं, "पानं पिवळी पडून रायली, वही घेतली तं समजन काय?" मी लिहिलं, "नाही दादा, वहीत ते नाही. बुंध्याजवळ डिंक दिसतो का पाहा आणि फोटो पाठवा." डिंक्याच होता. त्यांना कृषी विज्ञान केंद्रात जायला सांगितलं. त्यांनी वही घेतली नाही, पण त्यांच्या गावातून नंतर चार जणांनी घेतली.

पैशाचं थोडक्यात. सुरुवातीला यूपीआयचा क्यूआर आणि हाताने फाईल पाठवणं पुरतं. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका, आपल्या बँकेच्या खात्यात जमा झालेले पाहूनच फाईल पाठवा. दोन स्क्रीनशॉट मला जुन्या तारखेचे आले होते. रोज दहाच्या वर मागण्या येऊ लागल्या की पेमेंट पेज घ्या, साधारण दोन टक्के आणि वर जीएसटी जातो, पण फाईल आपोआप जाते. पीडीएफ गावच्या ग्रुपवर फिरते, माझीही फिरली. मी मागे लागलो नाही.

मुख्य व्हिडिओ ९ हजार वेळा पाहिला गेला आणि त्यावरून ८४ प्रती गेल्या, म्हणजे शंभरात एकही पूर्ण नाही. पूर्ण हंगामात २१२, पैसे परत मागणारे चार. त्यांना कारण न विचारता परत केले. तुमचा अंदाज बांधताना सबस्क्रायबर धरू नका. वस्तूच्या नेमक्या विषयाचा व्हिडिओ किती जण पाहतात ते धरा. माझ्या २३ हजारांतल्या कितीतरी जणांकडे संत्रा नाहीच.

जानेवारीत अवकाळी पाऊस आला आणि ताणावरच्या बागा भिजल्या. त्याच संध्याकाळी मोर्शीकडच्या एका काकूंचा फोन आला, "वहीत पाऊस आला तं काय कराचं ते कुठं हाय?" कुठंच नव्हतं. रात्री बसून एकोणचाळीसावं पान केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेतलेल्या सगळ्यांना पाठवलं. ग्रुपवरून फुकट मिळालेले कुणी मागतील तर त्यांनाही द्या, असं खाली लिहिलं. दुपारी त्याच पानावरचा व्हिडिओ चॅनेलवर टाकला, वहीचं नाव न घेता.